उडणाऱ्या चित्राची साक्ष

गेली काही वर्षे मी जुन्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांची छायाचित्रे जमवतो आहे. सुमारे चारशे झाल्यावर ती मित्रांना पाहता यावीत म्हणून पुस्तके वाचत, अडखळत एक साधे संकेतस्थळ मी स्वतःच बांधले. दशकवार यादी, यादीत मुखपृष्ठांचे छोटे चौकोन, चौकोनावर बोट ठेवले की त्या अंकाचे पान उघडते आणि चौकोनातले चित्र उडत, मोठे होत त्या पानावर जाऊन बसते. हे उडणे आजकाल फोनवर सगळीकडे दिसते. छायाचित्रांच्या संग्रहात, खरेदीच्या यादीत, गाण्यांच्या यादीत. मला ते आवडले म्हणून मीही केले.

एका संध्याकाळी एका निवृत्त ग्रंथपालांचा फोन आला. एका मासिकाच्या पहिल्या वर्षाच्या अंकाबद्दल ते लिहीत होते, आणि माझ्या पानावरून त्यांनी त्याची अनुक्रमणिका उतरवून घेतली होती. ती अनुक्रमणिका त्या अंकाची नव्हतीच. मासिक मध्यंतरी बंद पडून पुन्हा सुरू झाले, तेव्हा वर्षांची मोजणी नव्याने एकपासून झाली होती. मी अंकांना खुणेची नावे दिली होती ती मासिकाचे नाव आणि 'वर्ष १' अशी. यादीतले चित्र पहिल्या जन्माचे, उघडलेले पान दुसऱ्या जन्माचे. "पण मुखपृष्ठ वेगळे दिसले नाही का तुम्हाला?" मी ओशाळून विचारले. ते म्हणाले, "अहो, माझ्या डोळ्यांसमोर तेच चित्र उडून तिथे गेलं की! मग पुन्हा कशाला बघू?"

दोन्ही मुखपृष्ठांवर पिवळसर पार्श्वभूमी आणि दिवा घेतलेली बाई होती. पाव सेकंदात एक दुसऱ्यात विरघळले. पान नुसते पटकन बदलले असते तर त्या अनुभवी माणसाने नक्कीच पुन्हा पाहिले असते. म्हणजे माझी चूक नावाची होती, पण तिच्यावर शिक्कामोर्तब केले ते उडण्याने. हे उडणे आले कुठून आणि ते नेमके काय सांगते, याचा शोध मी त्यानंतर घेतला. त्यातून जे हाती आले ते असे.

आरंभ शोधताना १९८४च्या जानेवारीत आलेल्या मॅकिंटॉश संगणकापाशी थांबावे लागते. त्यात फोल्डरच्या छोट्या चित्रावर दोनदा टिचकी मारली की त्या चित्रापासून खिडकीपर्यंत रिकाम्या चौकटींची एक मालिका झरझर वाढत जाई, आणि मग खिडकी उघडे. बंद करताना चौकटी उलट्या क्रमाने आकसत. चित्र उडत नव्हते, नुसती कडा उडत होती, आणि याचे कारण यंत्राच्या ऐपतीत होते. पडदा ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा, प्रत्येक ठिपका काळा नाहीतर पांढरा. एवढ्या पडद्याची एक प्रत ठेवायलाच सुमारे २२ हजार बाइट लागत, आणि यंत्राची सगळी स्मृती १२८ किलोबाइट होती. चित्र हलवायचे तर त्याच्याखाली झाकलेले प्रत्येक वेळी जपून ठेवावे लागते आणि परत रंगवावे लागते. रिकाम्या चौकटीला त्याची गरज नव्हती. ती जिथे पडेल तिथले ठिपके उलटे करायचे, काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे. तीच चौकट त्याच जागी पुन्हा काढली की सगळे उलट्याचे सुलट होते आणि खालचा मजकूर जसाच्या तसा परत येतो. जपून ठेवायला काहीच लागत नाही.

या चौकटींचे काम शोभेचे नव्हते. पडद्यावर चार-पाच खिडक्या एकमेकींवर पडलेल्या असताना नवी खिडकी कुठल्या फोल्डरमधून निघाली, हे त्या दाखवत. पण एक मर्यादा त्यांच्या स्वरूपातच होती. 'इथून तिथे' एवढेच चौकट सांगू शकत होती. 'हे म्हणजेच ते' असे म्हणण्याची तिची योग्यता नव्हती, कारण तिच्या आत काही नव्हते.

'हे म्हणजेच ते' असे आपल्या डोळ्याला कधी वाटते, हा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर याने १९१२ साली यावरचा आपला प्रसिद्ध निबंध छापला. जवळजवळ ठेवलेल्या दोन रेघा त्याने एकीनंतर एक दाखवल्या. मधला अवधी फार मोठा असला की पाहणाऱ्याला दोन रेघा दिसत, एक गेली आणि दुसरी आली. अवधी अगदीच छोटा केला की दोन्ही एकदमच दिसत. मधल्या एका टप्प्यात मात्र एकच रेघ इकडून तिकडे सरकलेली दिसे. सरकले काहीच नव्हते. चलत्चित्राचा सगळा धंदा डोळ्याच्या याच सवयीवर उभा आहे, आणि उडणारे चित्रही तिच्यावरच जगते.

ही सवय संगणकाच्या पडद्यासाठी विचारपूर्वक वापरण्याचे श्रेय मी दोघांना देईन. बे-वेइ चांग आणि डेव्हिड अंगर हे 'सेल्फ' नावाच्या संगणकभाषेवर काम करत होते. १९९३ साली त्यांनी व्यंगपटांतून संगणकाच्या पडद्याने काय घ्यावे, यावर एक निबंध सादर केला. डिस्नेच्या स्टुडिओतल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोन जुन्या चित्रकारांनी १९८१ साली आपल्या कलेचे नियम एका जाडजूड ग्रंथात मांडले होते, त्यांचा आधार या दोघांनी घेतला. त्यांच्या मांडणीतला पहिला मुद्दा घनतेचा. पडद्यावरची वस्तू खऱ्या वस्तूसारखी वागली पाहिजे. ती एका जागी नाहीशी होऊन दुसऱ्या जागी उगवता कामा नये. ती आली तर कुठून तरी यावी, गेली तर कुठे तरी जावी, आणि जाताना सावकाश सुटून, मध्ये वेग घेऊन, शेवटी सावकाश थांबावी. त्यामागचा विचार साधा होता. पडदा एकदम बदलला की काय झाले हे पाहणाऱ्याला मागाहून जुळवावे लागते. बदल डोळ्यांदेखत घडला तर जुळवण्याचे ते काम डोळा आपसूक करतो.

माझ्या ग्रंथपाल मित्रांच्या बाबतीत नेमके हेच झाले. जुळवण्याचे काम डोळ्याने परस्पर उरकले आणि बुद्धीकडे ते गेलेच नाही.

१९९३ची ही कल्पना घरोघरच्या फोनपर्यंत यायला वीस वर्षे लागली. अडचण वेगाची कमी आणि घराच्या रचनेची जास्त होती. अँड्रॉइड फोनमध्ये यादीचा पडदा आणि तपशिलाचा पडदा या दोन स्वतंत्र खिडक्या असतात. एकीतली वस्तू दुसरीत शिरू शकत नाही, जशी एका घरातली भिंतीवरची तसबीर भिंतीसकट शेजारच्या घरात जात नाही. त्यामुळे २०१३च्या सुमारास हौशी लोक एक युक्ती करत. गूगलमध्ये अँड्रॉइडच्या चित्रहालचालींवर काम करणारे चेट हास यांनीही ती करून दाखवली होती. दुसरा पडदा उघडताना पहिल्याने त्याला निरोपात छोट्या चित्राची जागा, रुंदी आणि उंची कळवायची. दुसऱ्याने आपले मोठे चित्र आधी बरोबर त्या जागी, तेवढे लहान करून मांडायचे आणि मग वाढवत आपल्या जागी न्यायचे.

जून २०१४ मध्ये गूगलने 'मटेरियल डिझाइन' ही आपली रचनापद्धती जाहीर केली आणि त्याच वर्षी आलेल्या अँड्रॉइड ५.० मध्ये ही युक्ती यंत्रणेचाच भाग झाली. दोन्ही पडद्यांतल्या चित्रांना एकच नाव द्यायचे, बाकी यंत्रणा पाहून घेते. या सोयीचे नाव पडले 'शेअर्ड एलिमेंट', म्हणजे सामायिक घटक. नाव फसवे आहे. सामायिक असे काहीच नसते. दुसरा पडदा आधी पारदर्शक राहून पहिल्याच्या वर येतो. पहिल्यातले छोटे चित्र गुपचूप लपवले जाते, आणि त्याच क्षणी दुसऱ्यातले चित्र त्याच जागी, त्याच मापाचे होऊन, सगळ्यांच्या वरच्या एका पातळ थरावर प्रकट होते. उडते ते हेच, गंतव्याचे चित्र. मूळचे चित्र जागचे हललेलेही नसते. दुसऱ्या कंपन्यांच्या साधनांतही थोड्याफार फरकाने हाच खेळ आहे.

यात एक खोच आहे. उडायचे चित्र दुसऱ्या पडद्याचे, पण ते चित्र अजून आलेच नसेल तर? फोनला ते दूरच्या यंत्राकडून मागवायचे असते. म्हणून अँड्रॉइडमध्ये 'थांब' आणि 'आता नीघ' अशा दोन आज्ञा आहेत. पडदा उघडताना 'थांब' म्हणायचे आणि चित्र हाती आले की 'नीघ' म्हणायचे. 'नीघ' म्हणायला विसरलो, किंवा चित्र मिळालेच नाही तेव्हा काय करायचे ते लिहिले नाही, तर गंमत होते. आपण बोट ठेवतो, यादी तशीच समोर राहते, आणि फोन गोठल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात नवा पडदा तयार असतो, दाराबाहेर परवानगीची वाट पाहत उभा. फोन कधीकधी असा गोठला, आणि तोही नेटवर्क कमजोर असतानाच, तर ही शंका आधी घ्यावी.

आता माझ्याच पानाचे उदाहरण घेऊन हिशेब करून पाहू, म्हणजे चित्र 'उडते' म्हणजे काय होते ते दिसेल. यादीतला चौकोन १२० बाय १२० मापाचा, पडद्याच्या डाव्या कडेपासून २० वर आणि वरच्या कडेपासून ४०० वर. अंकाच्या पानावरचे मुखपृष्ठ ३६० रुंद, ४८० उंच, डाव्या कडेला चिकटून, वरून ६० वर. मोठ्या चित्राला आरंभी छोट्याच्या जागी बसवायचे आहे. चौकोनाचा मध्य डावीकडून ८० आणि वरून ४६० वर येतो, मोठ्याचा १८० आणि ३०० वर. म्हणजे प्रवास उजवीकडे १०० आणि वर १६०. रुंदी ३६०ची १२० करायची म्हणजे एक तृतीयांश, उंची ४८०ची १२० करायची म्हणजे एक चतुर्थांश. इथेच माझी पहिली फजिती झाली. रुंदी आणि उंची वेगवेगळ्या प्रमाणात आवळल्यामुळे उड्डाणाच्या आरंभी दिवा घेतलेली बाई एकदम बुटकी आणि रुंद होई आणि वाढता वाढता सडपातळ होत जाई.

कारण उघड आहे. यादीतला चौकोन हा पूर्ण मुखपृष्ठ दाबून केलेला नव्हता, तो कापून केलेला होता. तेव्हा उड्डाणही कापूनच व्हायला हवे. मुखपृष्ठ दोन्ही बाजूंनी एक तृतीयांश करायचे, म्हणजे ते १२० बाय १६० होते. त्यातली वरची २० आणि खालची २० झाकायची, की बरोबर चौकोन उरतो. मग चित्र वाढत असताना हे झाकण हळूहळू उघडत न्यायचे. असे केल्यावर बाई बाईच राहिली, आणि चौकोनात कापले गेलेले मासिकाचे नाव उडताना वरून उलगडत आले. चित्र सुरुवातीला एकदम दचकल्यासारखे सरकले, तर समजावे की यादीत कापताना मध्य धरला होता आणि उडताना वरची कडा, किंवा याच्या उलट.

हा हिशेब वेबवर कधी करावा, याचे एक सुटसुटीत सूत्र पॉल लुइस यांनी २०१५ साली मांडले. आधीची जागा मोजा, नंतरची जागा मोजा, वस्तू उलट नेऊन आधीच्या जागी ठेवा आणि मग सोडा. या चार पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'फ्लिप' म्हणतात. त्यातले मर्म असे की सगळे अवघड मोजमाप हालचाल सुरू होण्याआधी एकदाच होते. बोट ठेवल्यानंतरचा सेकंदाचा दहावा भाग माणसाला उशीर म्हणून जाणवत नाही, तो मोजमापाला वापरायचा. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो, म्हणून ३०० मिलिसेकंदांच्या उड्डाणात १८ चित्रे रंगवायची असतात आणि प्रत्येकाला १७ मिलिसेकंदही मिळत नाहीत. त्या वेळात नव्याने मोजायला बसले तर चित्र अडखळते.

पण फ्लिप एका पानाच्या आत चाले. वेबवर एका पानावरून दुसऱ्यावर जाताना पहिले पान पुसलेच जाते. उडायला मागे कोणी उरत नाही. यावरची तोड ब्राउझरनेच काढावी लागली. गूगलच्या क्रोममध्ये मार्च २०२३ पासून ती एका पानातल्या बदलांसाठी आली, आणि २०२४ मध्ये एका पानावरून त्याच स्थळाच्या दुसऱ्या पानावर जाण्यासाठी. प्रस्ताव आला तेव्हा त्याचेही नाव 'शेअर्ड एलिमेंट' असेच होते, पुढे ते बदलून 'व्ह्यू ट्रान्झिशन' झाले. मला हा बदल अधिक प्रामाणिक वाटतो, कारण इथे तर खऱ्या वस्तूही उडत नाहीत. जुने पान जाण्यापूर्वी नाव दिलेल्या प्रत्येक भागाचे छायाचित्र काढले जाते. नव्या पानातला त्याच नावाचा भाग हेरला जातो. मग जुने छायाचित्र आणि नव्याचे जिवंत चित्र एकावर एक ठेवून, जागा आणि माप बदलत, जुने विरवत आणि नवे उजळवत नेतात. वेगळे काही सांगितले नाही तर हे पाव सेकंद चालते.

या विरवण्यात एक सुंदर बारकावा आहे. अर्ध्या वाटेवर जुने ५० टक्के गडद, नवे ५० टक्के गडद. नेहमीच्या पद्धतीने एकावर एक ठेवले तर वरचे ५० टक्के दिसते, त्यातून उरलेल्या निम्म्यात खालचे निम्मे, म्हणजे २५ टक्के. बेरीज ७५. उरलेल्या २५ टक्क्यांतून मागची पार्श्वभूमी डोकावते आणि अगदी एकसारखी दोन चित्रे असली तरी मध्ये एक फिकी लहर येते. म्हणून ब्राउझर इथे दोन्हींचा रंग थेट मिळवतो, ५० आणि ५० मिळून १००. चित्रे खरोखर एकच असतील तर डोळ्याला बदल झाल्याचा पत्ताही लागत नाही.

आणि वेगळी असतील तर? तरीही जवळजवळ लागत नाही. ब्राउझर चित्रे पाहत नाही, नावे पाहतो. माझ्या पानात नाव लिहिले होते ते असे, दोन्ही ठिकाणी तेच:

```css
.mukhaprushtha {
  view-transition-name: masik-varsh-1;
}
```

एकाच पानावर एकाच वेळी हे नाव दोन चित्रांना असते तर ब्राउझरने उड्डाण रद्द केले असते. पान साधेपणाने बदलले असते आणि चुकीची नोंद विकासकाच्या फलकावर उमटली असती. पण माझी यादी दशकवार होती. मासिकाचे दोन जन्म दोन वेगळ्या दशकांत, म्हणजे दोन वेगळ्या पानांवर होते. त्यामुळे त्या नावाची दोन चित्रे कधी समोरासमोर आलीच नाहीत, आणि यंत्रणेच्या दृष्टीने सगळे बिनचूक होते.

या उड्डाणाचा त्रास होणारेही आहेत. २०१३ साली आयफोनची सातवी प्रणाली आली तेव्हा पडद्यावरच्या मोठ्या झेपांनी चक्कर आणि मळमळ होत असल्याच्या तक्रारी झाल्या. ऑक्टोबरमधल्या ७.०.३ या सुधारणेत ॲपलने हालचाल कमी करण्याची निवड या झेपांनाही लागू केली, तीत झेपेऐवजी चित्र नुसते विरघळते. पुढे वेबवरही ही निवड ओळखायची सोय झाली. ती मी पाळतो, पण तेवढ्याने माझा प्रश्न सुटत नव्हता.

मी तीन गोष्टी केल्या. अंकाच्या खुणेत वर्षाच्या क्रमांकाऐवजी प्रकाशनाचे इसवी सन आणि माझ्या संग्रहातला दाखल क्रमांक घातला. दाखल क्रमांक दोन वस्तूंना कधीच सारखा नसतो, हे ग्रंथपालांना शंभर वर्षांपासून ठाऊक आहे, मला ठेच लागून कळले. दुसरे, यादीतले छोटे चित्र वेगळे साठवणे सोडून दिले. ते आता अंकाच्या मोठ्या चित्रावरूनच तयार होते. तिसरे, ज्या अंकाच्या मुखपृष्ठाची मी प्रत्यक्ष अंकाशी ताडणी केलेली नाही, त्याचे उड्डाण बंद ठेवले. तिथे पान खटकन बदलते. पाहणारा थबकतो आणि पुन्हा पाहतो. तसेच व्हावे अशी माझी इच्छा आहे.

१९८४ची रिकामी चौकट 'इथून तिथे' एवढेच म्हणत होती. आजचे चित्र 'हे म्हणजेच ते' अशी साक्ष देते, आणि तीही अशा डोळ्यासमोर ज्याने उलटतपासणी सोडून दिलेली असते. ग्रंथपालांनी आपला लेख छपाईला जाण्याआधी दुरुस्त केला. मला मात्र ताडणीसाठी अजून दोनशेहून अधिक अंक हाताळायचे आहेत.